उत्तरपत्रिकेचा एक फोटो, छापील उत्तरसूची आणि विभागवार गुणतक्ता : एक प्रकरण

पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेच्या, म्हणजे इयत्ता आठवीच्या, धर्तीवर घेतलेल्या एका सराव परीक्षेतील पहिल्या पेपरचे हे प्रकरण आहे. या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि एकूण गुण १५० होतात. उत्तरे चार वर्तुळांपैकी योग्य वर्तुळ बॉलपेनने काळे करून नोंदवायची असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. आठवीच्या परीक्षेचे एक वैशिष्ट्य मात्र तपासणाऱ्याला सतत लक्षात ठेवावे लागते. पेपरातील कमाल २० टक्के प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असू शकतात आणि अशा प्रश्नात दोन्ही पर्याय नोंदवले असतील तरच गुण मिळतात. एकच नोंदवला तर अर्धा गुणही मिळत नाही. त्यामुळे ‘दोन वर्तुळे काळी दिसली की उत्तर बाद’ हा सर्वसाधारण बहुपर्यायी परीक्षेतला नियम येथे डोळे झाकून लावता येत नाही.

सराव परीक्षेच्या मूळ उत्तरपत्रिका केंद्रावर ठेवल्या होत्या आणि शाळेकडे एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला एकच फोटो आला होता. सोबत चारही संचांची छापील उत्तरसूची होती. शाळेतील गणिताच्या सरांनी आणि मराठीच्या बाईंनी मिळून त्या फोटोवरून गुणतक्ता तयार करायचा, त्यात भाषा आणि गणित यांची वेगवेगळी बेरीज द्यायची आणि मुलगी कुठे कमी पडते ते पालकांना सांगायचे, एवढे काम होते. खऱ्या परीक्षेत उत्तरपत्रिका यंत्रावर वाचली जाते आणि फोटोवरून केलेल्या मोजणीला तेथे काही किंमत नसते, पण सराव परीक्षेत अशी मोजणी हीच बहुतेक वेळा एकमेव तपासणी असते.

फोटोत काय होते

उत्तरपत्रिकेवर तीन उभे स्तंभ होते : १ ते २५, २६ ते ५० आणि ५१ ते ७५. म्हणजे पहिला स्तंभ पूर्ण भाषेचा आणि उरलेले दोन गणिताचे. फोटो टेबलावर ठेवलेल्या कागदाचा, थोडा तिरका आणि फ्लॅश लावून काढलेला होता. कागदाला आडवी घडी पडलेली होती आणि ती तिसऱ्या स्तंभात ६१ आणि ६२ या ओळींच्या मधून जात होती. खाली डाव्या कोपऱ्यात कागद धरणाऱ्याचा अंगठा आला होता आणि त्याखाली प्रश्न २५ ची पहिली दोन वर्तुळे झाकली गेली होती.

फोटो मेसेजमधून नेहमीच्या पद्धतीने पाठवला असता तर तो आकुंचित होऊन आला असता आणि वर्तुळांतले छापील आकडे पुसट झाले असते. सुदैवाने तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला असल्यामुळे मूळ आकारातच मिळाला. सरांनी तो मोबाइलमधल्या स्कॅनरच्या अ‍ॅपमधून सरळ करून घेतला, म्हणजे तिरकेपणा काढून ओळी आडव्या केल्या, पण अ‍ॅप आपणहून लावते ते कृष्णधवल रूप मात्र त्यांनी काढून टाकले. हे रूप दिसायला स्वच्छ असते, पण ते करताना अ‍ॅप प्रत्येक ठिपका काळा की पांढरा ते स्वतः ठरवून टाकते. त्यात सावलीतला भाग काळा होतो, फिकी खूण नाहीशी होते, आणि जी शंका तपासणाऱ्याने घ्यायला हवी ती शंका घ्यायला कागदावर काही शिल्लकच राहत नाही. रंगीत प्रतीत शाईचा निळा रंग आणि सावलीचा करडा रंग वेगळे ओळखता येतात.

उत्तरसूची बाजूला ठेवून वाचन

अशा कामात बहुतेक जण उजव्या हाताला उत्तरसूची ठेवतात आणि फोटोतल्या प्रत्येक ओळीवर बरोबर किंवा चूक अशी खूण करत जातात. एका उत्तरपत्रिकेपुरते ते जलद वाटते, पण त्यात दोन दोष आहेत. पहिला असा की उत्तर ३ आहे हे आधीच माहीत असले की संशयास्पद ओळीत डोळ्यांना तिसरे वर्तुळ अधिक काळे दिसू लागते. दुसरा दोष त्याहून मोठा आहे. बरोबर-चूक एवढीच नोंद राहिली तर विद्यार्थिनीने प्रत्यक्षात काय नोंदवले होते ते कुठेच उरत नाही, आणि पुढे एखादी शंका आली की संपूर्ण फोटो पुन्हा वाचावा लागतो.

म्हणून येथे आधी फक्त वाचन केले. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांची नोंद न पाहता, ७५ ओळींतील काळी वर्तुळे लिहून काढली. सरांनी वरून खाली वाचले, बाईंनी प्रत्येक स्तंभ खालून वर वाचला. उलट दिशेचे कारण साधे आहे : दोघेही एकाच दिशेने गेले तर घडी, सावली किंवा दाटीच्या जागी दोघांचीही चूक एकसारखी होण्याचा संभव राहतो आणि मग दोन वाचने जुळली याला अर्थ राहत नाही.

नोंदीची चिन्हे आधी ठरवून घेतली. एक वर्तुळ काळे असेल तर त्याचा आकडा, दोन असतील तर दोन्ही आकडे चढत्या क्रमाने जोडून, कोरी ओळ असेल तर शून्य, आणि ठरवता येत नसेल तर ‘अ’. कोरे आणि अस्पष्ट यांच्यात फरक करणे फार महत्त्वाचे आहे. कोरे ही विद्यार्थिनीविषयीची माहिती आहे, तिने तो प्रश्न सोडला. अस्पष्ट ही फोटोविषयीची माहिती आहे. गुण दोन्हीकडे शून्यच पडतात म्हणून दोन्ही एकाच खणात टाकले, तर फोटोतला दोष मुलीच्या माथी मारल्यासारखे होते.

भरलेले वर्तुळ ओळखण्याची खूण वर्तुळाच्या काळेपणापेक्षा त्यातल्या छापील आकड्यात शोधावी, असा नियम त्यांनी केला. आकडा दिसतो म्हणजे वर्तुळ भरलेले नाही, आकडा पूर्ण झाकला गेला म्हणजे ते भरलेले आहे. प्रश्न ९ मध्ये याचा उपयोग झाला. तेथे फ्लॅशचा प्रकाश बॉलपेनच्या शाईवरून परावर्तित झाला होता आणि तिसरे वर्तुळ मधोमध पांढरट दिसत होते. बाईंनी ती ओळ कोरी म्हणून लिहिली होती आणि सरांनी ३ लिहिले होते. फोटो मोठा करून पाहिल्यावर बाकीच्या तीन वर्तुळांत १, २ आणि ४ हे आकडे स्वच्छ दिसत होते, तिसऱ्यात मात्र आकडा नव्हता आणि वर्तुळाच्या कडेला निळी शाई होती. नोंद ३ अशी कायम झाली.

पहिली घसरण : वाचणाऱ्याची

दोन वाचने शेजारी ठेवली तेव्हा बहुतेक मतभेद एकाच जागी गोळा झालेले दिसले. प्रश्न ६२ पासून ७५ पर्यंतच्या चौदा ओळींपैकी अकरा ओळींत दोघांच्या नोंदी वेगळ्या होत्या. उरलेल्या दोन मतभेदांपैकी एक वर सांगितलेला प्रश्न ९ आणि दुसरा प्रश्न ५८ होता, त्याकडे पुढे येऊ.

सलग ओळींत अचानक मतभेद दिसू लागले तर ते बहुधा एकाच चुकीचे परिणाम असतात. सरांच्या नोंदीत ६२ समोर जे उत्तर होते ते बाईंच्या नोंदीत ६३ समोर होते, सरांचे ६३ बाईंच्या ६४ समोर, आणि असे शेवटपर्यंत. सरांच्या यादीत ७५ समोर लिहायला उत्तरच उरले नव्हते. घडीच्या जागी कागद वर उचलला गेल्याने ६२ ची ओळ फोटोत अरुंद झाली होती आणि वरून खाली येणारी नजर तिच्यावरून थेट ६३ वर गेली होती. अकराच ओळी वेगळ्या दिसल्या, चौदाही नाहीत, कारण लागून असलेल्या दोन प्रश्नांचे उत्तर काही ठिकाणी योगायोगाने सारखेच होते. म्हणूनच अशी घसरण एखाद्या ओळीच्या तुलनेतून कळत नाही, ओळींचा सलग पट्टा पाहावा लागतो.

यापुढच्या वाचनासाठी त्यांनी एक सवय लावून घेतली. पाच ओळी वाचून झाल्या की फोटोतला छापील प्रश्नक्रमांक मोठ्याने म्हणायचा आणि नोंदीतल्या क्रमांकाशी ताडायचा. स्तंभाच्या शेवटी मोजणी चुकली हे पंचवीस ओळींनंतर कळण्यापेक्षा पाच ओळींनंतर कळलेले बरे.

उत्तरसूचीचे वाचनही वाचनच

छापील उत्तरसूची म्हणजे पक्की गोष्ट, तिची नुसती नक्कल करायची, असे वाटते. प्रत्यक्षात तिचेही दोनदा वाचन करावे लागले. एक तर तिची मांडणी वेगळी होती. उत्तरपत्रिकेत उत्तरे उभ्या स्तंभात होती आणि सूचीत ती आडव्या ओळीत, दहा-दहाच्या गटाने छापलेली होती. भाषा आणि गणित यांची सीमा उत्तरपत्रिकेत स्तंभाच्या शेवटी येते, पण सूचीत ती २१ ते ३० या ओळीच्या मधोमध येत होती. दुसरे म्हणजे दोन बरोबर पर्याय असलेली उत्तरे ‘२, ४’ अशी स्वल्पविराम देऊन छापली होती आणि घाईने उतरवताना तो स्वल्पविराम दोन वेगळ्या प्रश्नांच्या मधला समजला जाण्याचा धोका होता.

यावर एक सोपा ताळा आहे. सूचीत दोन उत्तरांचे प्रश्न अकरा होते, तीन भाषेत आणि आठ गणितात. म्हणजे एका पर्यायाचे प्रश्न ६४ झाले, आणि उतरवलेल्या सूचीत एकूण ६४ अधिक २२, म्हणजे ८६ आकडे असायला हवेत. आकडे मोजले आणि ८६ भरले. या ताळ्याने एखादा आकडा गळाला किंवा वाढला तर कळते. आकडा बदलला असेल तर मात्र कळत नाही, म्हणून दुसरे वाचन टाळता येत नाही. सूची अंतरिम आहे की अंतिम हेही पाहून घ्यावे. परीक्षा परिषद आधी अंतरिम सूची प्रसिद्ध करून आक्षेप मागवते आणि त्यानंतर अंतिम सूची काढते. जुन्या प्रश्नपत्रिकांवर सराव घेणाऱ्या शाळांत कित्येकदा अंतरिम सूचीच हातोहात फिरत राहते.

चार संचांपैकी कोणता संच, हाही प्रश्न होता. मुलीने चौकटीत लिहिलेले इंग्रजी अक्षर बी आहे की डी हे तिच्या वळणावरून सांगता येत नव्हते आणि त्याखालची वर्तुळे फ्लॅशमध्ये पांढरी झाली होती. कायम केलेल्या नोंदी चारही सूचींशी ताडून पाहिल्या तेव्हा संच बीशी ४७, सीशी १९, एशी १६ आणि डीशी १४ उत्तरे जुळली. चार पर्यायांत निव्वळ योगायोगाने साधारण चौथा हिस्सा उत्तरे जुळतात, म्हणजे ७५ पैकी अठरा-एकोणीस, आणि काही ओळी कोऱ्या असल्याने व काही प्रश्नांना दोन उत्तरे लागत असल्याने त्याहूनही कमी. १४, १६ आणि १९ हे त्या योगायोगाचे आकडे आहेत, ४७ मात्र नाही. तरीही सरांनी पालकांकडून प्रश्नपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा संच विचारून घेतला आणि तो बीच निघाला. ही विचारपूस केवळ औपचारिक नव्हती. चार सूचींपैकी सर्वांत जास्त गुण देणारी सूची निवडणे ही पद्धत ४७ आणि १९ इतके अंतर असताना निर्धोक असते, पण एखाद्या मुलाला मुळातच पंचवीस उत्तरे येत असतील तर तीच पद्धत चुकीची सूची गळ्यात घालू शकते.

तक्त्याची मांडणी

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक प्रश्नाला एक ओळ दिली. स्तंभ असे ठेवले : A मध्ये प्रश्नक्रमांक, B मध्ये विभाग, C मध्ये सूचीतील उत्तर, D आणि E मध्ये दोघांची वाचने, F मध्ये कायम केलेले वाचन, G मध्ये निर्णय आणि H मध्ये गुण. निर्णय आणि गुण हाताने लिहायचे नाहीत, ते सूत्रानेच यायला हवेत, म्हणजे पुढे एखादे वाचन बदलले तर बेरजा आपोआप बदलतात.

```
G2:  =IF(F2="अ","अस्पष्ट",IF(F2="0","कोरे",IF(F2=C2,"बरोबर","चूक")))
H2:  =IF(G2="बरोबर",2,0)
```

दोन उत्तरांच्या प्रश्नांसाठी वेगळे सूत्र लागले नाही. सूचीत `24` आणि वाचनात `24` असेल तरच ते जुळते, नुसते `2` किंवा नुसते `4` जुळत नाही, आणि परीक्षेचा नियमही नेमका तोच आहे. फक्त आकडे दोन्हीकडे चढत्या क्रमाने लिहिलेले असले पाहिजेत, नाहीतर `42` आणि `24` हे वेगळे ठरतात.

पहिल्यांदा सूत्र खाली ओढले तेव्हा भाषेच्या जवळजवळ सगळ्या ओळी ‘चूक’ दाखवू लागल्या. वाचनात दोष नव्हता. बाईंनी भाषेची सूची मराठी कळफलकावरून भरली होती आणि तिच्यात `२` होते, तर वाचनात `2` होते. माणसाच्या दृष्टीने हे एकच आहे, संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी अक्षरे आहेत. त्याच जातीचा आणखी एक घोटाळा असा की एका स्तंभात आकडा संख्या म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून साठवला गेला तर ते दिसायला सारखे असूनही सूत्र त्यांना असमान मानते. यासाठी C ते F हे चारही स्तंभ आधीच मजकुराच्या प्रकारात टाकून, मगच त्यांत आकडे भरावेत. अशा चुकीची ओळख सोपी आहे : एखाद्या विभागातले गुण शून्याच्या आसपास आले तर विद्यार्थी इतका कच्चा असण्यापेक्षा तक्ता बिघडलेला असण्याचीच शक्यता जास्त. केवळ अंदाजाने वर्तुळे भरणाऱ्यालाही २५ पैकी सहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात.

विभागवार बेरीज अशी घेतली :

```
=SUMIFS(H$2:H$76,B$2:B$76,"गणित")
=COUNTIFS(B$2:B$76,"गणित",G$2:G$76,"बरोबर")
```

दुसरे सूत्र ‘चूक’, ‘कोरे’ आणि ‘अस्पष्ट’ यांसाठीही वापरले. चारही मोजण्यांची बेरीज भाषेत २५ आणि गणितात ५० आलीच पाहिजे, आणि बरोबर उत्तरांची दुप्पट ही गुणांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. विभागाचे नाव एखाद्या ओळीत ‘गणित’ऐवजी मागे रिकामी जागा ठेवून लिहिले गेले, तर ती ओळ कोणत्याच बेरजेत येत नाही आणि एकूण गुण गुपचूप कमी होतात. ते पहिल्या ताळ्यात सापडते.

पहिला तक्ता आणि दोन अस्पष्ट ओळी

| विभाग | प्रश्न | बरोबर | चूक | कोरे | अस्पष्ट | गुण |
|---|---|---|---|---|---|---|
| प्रथम भाषा | २५ | १८ | ४ | २ | १ | ३६ / ५० |
| गणित | ५० | २९ | १६ | ४ | १ | ५८ / १०० |
| एकूण | ७५ | ४७ | २० | ६ | २ | ९४ / १५० |

दोन अस्पष्ट ओळी एकाच नावाखाली असल्या तरी त्यांचे स्वरूप अगदी वेगळे होते. प्रश्न २५ मध्ये अंगठ्याखाली पहिली दोन वर्तुळे झाकलेली होती, पण तिसरे आणि चौथे उघडे होते आणि दोन्हींतले आकडे स्वच्छ दिसत होते, म्हणजे ती भरलेली नव्हती. सूचीतील उत्तर ३ होते. तेव्हा अंगठ्याखाली काहीही असले तरी या प्रश्नाला गुण मिळू शकत नव्हते. उत्तर ठाऊक नाही, पण गुण ठाऊक आहेत, अशी ही ओळ होती. तिच्यासाठी बेरजेत काहीही राखून ठेवण्याची गरज नव्हती.

प्रश्न ५८ मात्र खरा अडचणीचा होता. पहिले वर्तुळ पूर्ण काळे होते आणि तिसऱ्यावर शाईचा फिकट फराटा होता. सरांनी ‘१’ असे वाचले होते आणि बाईंनी ‘१३’. सूची उघडल्यावर असे दिसले की हा दोन उत्तरांचा प्रश्न आहे आणि बरोबर उत्तर १ आणि ३ असेच आहे. आता फराट्याला खूण मानले तर दोन गुण, न मानले तर शून्य. “बाईंनी सूची न पाहताच १३ वाचले आहे, म्हणजे ते द्यायला हरकत नाही,” असे सरांनी सुचवले. बाईंनी ते मान्य केले नाही. त्यांचे म्हणणे असे की, “सर, माझे वाचन आणि तुमचे वाचन वेगळे पडले एवढेच यातून कळते. सूची पाहून आपण माझी बाजू घेतली, तर स्वतंत्र वाचनाचा उपयोग काय राहिला?” माझ्या मते बाईंचीच भूमिका योग्य होती. सूची पाहिल्यानंतर अस्पष्ट ओळीचा निर्णय फोटोवरून बदलायचा नाही, बदलायचा तर नव्या पुराव्यावरून, हा नियम पाळला तरच ‘अस्पष्ट’ या खणाला काही अर्थ उरतो.

म्हणून त्या दिवशीचा तक्ता गणितात ५८ ते ६०, आणि एकूण ९४ ते ९६, अशा पल्ल्याने लिहिला आणि केंद्रावर असलेल्या शिक्षकांना तिसऱ्या स्तंभाचा मधला भाग आणि पहिल्या स्तंभाचा खालचा कोपरा, एवढ्याच दोन जागांचे जवळून, फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाठवायला सांगितले. पल्ला देण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, अडचण एवढीच की बहुतेक निकालपत्रकांत त्यासाठी रकानाच नसतो.

दुसरी घसरण : विद्यार्थिनीची

नव्या फोटोंची वाट पाहताना सरांनी गणितातील चुका प्रश्नक्रमांकानुसार पाहिल्या. सोळांपैकी सहा चुका ४० ते ४६ या पट्ट्यातच होत्या. त्या पट्ट्याचा तपशील असा होता :

| प्रश्न | ४० | ४१ | ४२ | ४३ | ४४ | ४५ | ४६ | ४७ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| सूची | २ | ४ | १ | ३ | ३ | २ | ४ | १ |
| नोंदवलेले | ४ | १ | ३ | ३ | २ | ४ | १ | १ |

वरची ओळ एक घर डावीकडे सरकवून पाहिली, तर चित्र बदलते. ४० समोर नोंदवलेले ४ हे ४१ चे बरोबर उत्तर आहे, ४१ समोरचे १ हे ४२ चे, आणि असेच ४६ समोरचे १ हे ४७ चे. सातही उत्तरे पुढच्या प्रश्नाच्या सूचीशी जुळतात. चार पर्यायांत सात उत्तरे सलग योगायोगाने जुळण्याची शक्यता सोळा हजारांत एक एवढी कमी असते. ४३ समोर नोंदवलेले ३ बरोबर ठरले तेही केवळ ४३ आणि ४४ या दोघांचे उत्तर ३ असल्यामुळे.

ही घसरण पुन्हा वाचणाऱ्यांचीच नाही ना, हे आधी पाहणे आवश्यक होते, कारण तिसऱ्या स्तंभात ती एकदा झालेलीच होती. येथे मात्र दोन्ही दिशांनी केलेली वाचने तंतोतंत जुळत होती आणि फोटोत ४० या छापील क्रमांकासमोर चौथेच वर्तुळ काळे होते. तेव्हा चूक कागदावरच होती. मुलीने प्रश्न ४० सोडला, पण त्याची ओळ रिकामी सोडली नाही आणि ४१ चे उत्तर तेथे नोंदवले. ४७ चे उत्तर ४६ च्या ओळीत भरल्यानंतर तिच्या लक्षात आले असावे. बॉलपेनची शाई खोडता येत नाही, म्हणून तिने ४७ च्या रिकाम्या ओळीत तेच उत्तर पुन्हा नोंदवले आणि पुढे नीट गेली.

या सात ओळी सरकवून गुण दिले असते तर ४१ ते ४७ ही सातही उत्तरे बरोबर ठरली असती. प्रत्यक्षात त्यांपैकी ४३ आणि ४७ या दोनच बरोबर धरली गेली होती. म्हणजे पाच प्रश्नांचा, दहा गुणांचा फरक. हे गुण दिले नाहीत. वाचणाऱ्याची घसरण दुरुस्त करायची असते, कारण ती कागदावर नाही. विद्यार्थिनीची घसरण कागदावर आहे, आणि खऱ्या परीक्षेतील यंत्र ४० च्या ओळीतले वर्तुळ ४० चेच उत्तर समजणार. तक्त्यातल्या गुणांना हात न लावता त्या पट्ट्यासमोर शेरा लिहायचा, एवढेच तपासणाऱ्याच्या हातात असते. पण तो शेरा नसता तर पालकांना केवळ ‘गणित ५८’ एवढे दिसले असते आणि त्या सात प्रश्नांतील घटकांचा तिला पुन्हा अभ्यास करायला लावला असता, जे घटक तिला येत होते.

याच्या उलट, दोन उत्तरांच्या प्रश्नांत तिची अडचण खरी होती. भाषेतील तीनपैकी दोन प्रश्न तिने बरोबर सोडवले आणि एकात एकच पर्याय नोंदवला. गणितातील आठांपैकी चार बरोबर होते, दोनांत एकच पर्याय होता, एकात जोडी चुकली होती आणि एक म्हणजे तो प्रश्न ५८. पहिला बरोबर पर्याय सापडला की पुढचे पर्याय न पाहता थांबण्याची ही सवय गुणांच्या बेरजेत दिसत नाही, नोंदवलेले उत्तर जपून ठेवलेले असेल तरच दिसते.

अंतिम तक्ता

नवे फोटो आले. प्रश्न ५८ मध्ये तिसऱ्या वर्तुळातला ३ हा आकडा फराट्याखालून स्पष्ट वाचता येत होता आणि तोच फराटा वर्तुळाबाहेर पुढच्या ओळीपर्यंत गेलेला होता. ओली शाई हाताला लागून पसरली होती, ती खूण नव्हती. नोंद ‘१’ अशी झाली आणि निर्णय ‘चूक’. प्रश्न २५ मध्ये दुसरे वर्तुळ काळे निघाले, तोही अपेक्षेप्रमाणे ‘चूक’. F स्तंभातील दोन खण बदलताच खालचा तक्ता आपोआप तयार झाला :

| विभाग | प्रश्न | बरोबर | चूक | कोरे | अस्पष्ट | गुण |
|---|---|---|---|---|---|---|
| प्रथम भाषा | २५ | १८ | ५ | २ | ० | ३६ / ५० |
| गणित | ५० | २९ | १७ | ४ | ० | ५८ / १०० |
| एकूण | ७५ | ४७ | २२ | ६ | ० | ९४ / १५० |

तक्त्याखाली दोन शेरे गेले. पहिला, प्रश्न ४१ ते ४७ ची उत्तरे एक ओळ वर नोंदवली गेली आहेत, गुण नियमाप्रमाणे दिले आहेत, ही ओळ चुकली नसती तर गणितात ६८ गुण झाले असते. दुसरा, दोन उत्तरांच्या अकरा प्रश्नांपैकी चारांत एकच पर्याय नोंदवला आहे. पालकांना पाठवलेल्या प्रतीत दोन्ही वाचनांचे स्तंभही तसेच ठेवले, म्हणजे त्यांना घरी प्रश्नपुस्तिका समोर घेऊन कोणतीही ओळ स्वतः पडताळता आली.